दहा मिलिग्रॅम की दहा मायक्रोग्रॅम? एका सराव पेपरातला प्रश्न

आधी प्रश्न जसा छापला होता तसाच वाचा.

"१२ किलो वजनाच्या बालकाचे हृदय बंद पडले आहे. डॉक्टरांनी अॅड्रेनॅलिन १० मि.ग्रॅ. प्रति किलो या प्रमाणात शिरेतून देण्यास सांगितले आहे. उपलब्ध अँपूल १ मि.लि.चे असून त्यात १ मि.ग्रॅ. औषध आहे. ते १:१०,००० असे पातळ केल्यावर किती मि.लि. द्याल?" पर्याय चार: अ) ०.१२, ब) १.२, क) १२, ड) १२०. मागच्या पानावरच्या उत्तरतालिकेत उत्तर दिले आहे, ब.

नर्सिंगची भरती जवळ आली की असे सराव पेपर वस्तीवस्तीत फिरतात. एकीने विकत आणायचा आणि दहाजणींनी झेरॉक्स काढायची. विहाराला लागून असलेल्या आमच्या अभ्यासिकेतही जीएनएम आणि एएनएम झालेल्या मुली संध्याकाळी हेच पेपर सोडवतात. या प्रश्नावर तिघींची तीन उत्तरे आली. एकीचे १.२ आले आणि ती पुढे गेली. दुसरीचे १२ आले. तिसरीचे आले १,२००, आणि पर्यायांत ते कुठेच नव्हते. तिने गणित खोडून पुन्हा केले, पुन्हा बाराशेच. तिसऱ्यांदाही बाराशे. शेवटी "माझे गणितच कच्चे आहे" असे म्हणत तिने उत्तरतालिकेतला ब वहीत उतरवून घेतला.

तिघींपैकी छापलेला प्रश्न नीट वाचून बरोबर सोडवला तो याच मुलीने. चूक प्रश्नात होती. १० मि.ग्रॅ.च्या जागी १० मायक्रोग्रॅम असायला हवे होते. पण बरोबर गणित करणारी मुलगी स्वतःला कच्ची समजून उठली, हे आम्हाला टोचले. म्हणून या वेळचे पान या एका प्रश्नाला देत आहोत. घरात कोणी नर्सिंग शिकत नसले तरी वाचा, शेवटी घरातल्या एका बाटलीचाही विषय आहे.

एक मात्र आधी सांगतो. अॅड्रेनॅलिन हे दवाखान्यातच, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि शिकलेल्या हातांनी द्यायचे औषध आहे. इथले आकडे गणित तपासायला आहेत, घरी वापरायला नाहीत.

आता मापे बघू. एक ग्रॅम मीठ तळहातावर घेतले तर चिमूटभरच दिसते. त्याचे हजार सारखे भाग केले तर एक भाग म्हणजे एक मिलिग्रॅम. तो एक भाग उचलून त्याचे पुन्हा हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक मायक्रोग्रॅम. बोलताना सिस्टर लोक मिलिग्रॅमला एमजी आणि मायक्रोग्रॅमला एमसीजी म्हणतात. दोघांत फरक एका अक्षराचा, आणि मापात हजार पटींचा. दहा रुपये उधार मागितले आणि समोरच्याने दहा हजार हातात ठेवले, इतका.

मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम करताना हजाराने भागायचे, म्हणजे दशांशचिन्ह तीन घरे डावीकडे न्यायचे. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना हजाराने गुणायचे, चिन्ह तीन घरे उजवीकडे. गोंधळ होतो तो कुठल्या बाजूला जायचे यात. त्यावर सोपी खूण आहे. माप मोठे झाले की आकडा लहान झाला पाहिजे. पैशांचे रुपये करताना आकडा लहान होतोच ना, तसेच. १२० मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम केले आणि आकडा १२० पेक्षा मोठा आला, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते १:१,००० आणि १:१०,०००. हे प्रमाण वाचायची रीत अशी, की १ ग्रॅम औषध १,००० मि.लि. पाण्यात असेल तर ते १:१,०००. एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम, म्हणून हजार मि.लि.मध्ये हजार मिलिग्रॅम, म्हणजेच १ मि.लि.मध्ये १ मि.ग्रॅ. आपले अँपूल तेच आहे. १:१०,००० हे त्याहून दहापट पातळ. त्यात १ मि.लि.मध्ये ०.१ मि.ग्रॅ., म्हणजे १०० मायक्रोग्रॅम औषध असते.

इथे डोके उलटे चालते, हे आम्ही वर्गात पुष्कळदा पाहिले आहे. आकडा मोठा म्हणून औषध जोरदार, असे वाटते. असते उलटे. दहा हजारवाले द्रावण हजारवाल्यापेक्षा सौम्य. या लिखाणामुळे चुका होतात म्हणून अमेरिकेत २०१६ पासून अॅड्रेनॅलिनच्या लेबलवर हे प्रमाण लिहिणेच बंद झाले, आता तिथे सरळ एका मि.लि.मध्ये किती मि.ग्रॅ. तेवढेच लिहितात. आपल्याकडे पेपरांत आणि बोलण्यात जुनी पद्धत अजून चालूच आहे, त्यामुळे ती यायलाच हवी.

पातळ कसे करायचे? १० मि.लि.ची सिरिंज घ्यायची. अँपूलमधले १ मि.लि. औषध ओढायचे आणि नॉर्मल सलाईन ओढून एकूण १० मि.लि.च्या रेघेपर्यंत आणायचे. म्हणजे सलाईन ९ मि.लि. घ्यायचे, १० नव्हे. "दहापट पातळ करा" म्हटले की पुष्कळ मुली १० मि.लि. सलाईन घालतात. मग एकूण ११ मि.लि. होते आणि एका मि.लि.मध्ये १०० ऐवजी सुमारे ९१ मायक्रोग्रॅमच उरतात. ही चूक लहान आहे, पण परीक्षेत गुण जातात आणि सवय लागली की ती दुसऱ्या औषधालाही लागते.

आता प्रश्न बरोबर मापाने सोडवू. हृदय बंद पडलेल्या बालकाला अॅड्रेनॅलिन शिरेतून देण्याचा पुस्तकातला डोस आहे किलोमागे ०.०१ मि.ग्रॅ., म्हणजे किलोमागे १० मायक्रोग्रॅम. बालक १२ किलोचे, म्हणून १० गुणिले १२ म्हणजे १२० मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये दर मि.लि.ला १०० मायक्रोग्रॅम आहेत. १२० भागिले १०० म्हणजे १.२ मि.लि. उत्तरतालिकेतला ब हाच.

याच डोसाची एक झटपट ताळ्याची रीत आहे. १:१०,००० द्रावण असेल तर मुलाच्या किलोच्या आकड्याला दहाने भागा, तेवढे मि.लि. १२ किलोला १.२ आणि ८ किलोला ०.८. पण ही रीत फक्त याच औषधाला, याच डोसाला आणि याच द्रावणाला चालते. दुसरीकडे लावली तर घात होईल. म्हणून आधी लांब गणित आणि मग ताळा, असाच क्रम ठेवा.

आता छापल्याप्रमाणे १० मि.ग्रॅ. धरून बघू, म्हणजे त्या तिसऱ्या मुलीचे गणित. १० गुणिले १२ म्हणजे १२० मि.ग्रॅ. द्रावणात दर मि.लि.ला ०.१ मि.ग्रॅ. आहे. १२० भागिले ०.१ म्हणजे १,२०० मि.लि. एकही पायरी चुकलेली नाही. पण आता कागदावरून नजर काढून वॉर्डात या. १२० मि.ग्रॅ. म्हणजे १२० अँपूल फोडायची. १,२०० मि.लि. म्हणजे अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या दोन बाटल्या पूर्ण, आणि वर तिसरीचा बराचसा भाग. बारा किलोच्या लेकराच्या अंगात सगळे मिळून रक्तच सुमारे ९०० मि.लि. असते. त्याच्या रक्ताहून जास्त पाणी, तेही एका इंजेक्शनात! असे उत्तर आले की समजावे, कुठेतरी एका मापाच्या जागी दुसरे माप बसले आहे. आणि हजार पटींचा फरक दिसला की पहिला संशय मिलि आणि मायक्रोवरच घ्यावा. १,२०० ला हजाराने भागले की बरोबर १.२ मिळते, हा योगायोग नव्हे.

म्हणजे हजार पटींची चूक ओरडून सांगते. खरी फसवी असते ती दहा पटींची. ती गप्प बसते. या प्रश्नातले पर्याय नीट पाहिले तर ते कळते, कारण प्रत्येक पर्याय कुणाच्या तरी एका चुकीतून आलेला दिसतो.

क, म्हणजे १२ मि.लि., पाहा. त्या दुसऱ्या मुलीने १२० मायक्रोग्रॅम बरोबर काढले होते. तिला वर्गात शिकलेला डोस आठवत होता, म्हणून छपाईतली चूक तिने न कळत मनातच दुरुस्त केली. पण मिलिग्रॅम करताना तिने हजाराऐवजी शंभराने भागले आणि १.२ मि.ग्रॅ. लिहिले. मग १.२ भागिले ०.१ म्हणजे १२. उत्तर पर्यायांत सापडले, म्हणून ती निश्चिंत झाली. १२ मि.लि. हा आकडा डोळ्याला खटकतही नाही. सिरिंज थोडी मोठी घ्यावी लागेल, इतकेच. अशी चूक पकडायची कशी?

त्यासाठी प्रौढ माणसाचा डोस लक्षात ठेवावा लागतो. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाला एका वेळी १ मि.ग्रॅ. अॅड्रेनॅलिन देतात, गरज पडेल तसे दर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा. आणि मुलाचे वजन कितीही असो, त्याचा एक डोस १ मि.ग्रॅ.च्या वर जात नाही. १२ मि.लि. पातळ द्रावणात १.२ मि.ग्रॅ. औषध आहे. म्हणजे बारा किलोच्या मुलाला साठ किलोच्या बापापेक्षा जास्त औषध. इथेच उत्तर बाद होते. गणित झाले की "हे मोठ्या माणसाच्या डोसापेक्षा जास्त तर नाही?" एवढे एकदा विचारले तर दहा पटींच्या पुष्कळ चुका जाळ्यात येतात.

अ, म्हणजे ०.१२ मि.लि., ही गंमत वेगळी आहे. १२० मायक्रोग्रॅम पातळ न करता सरळ अँपूलमधून काढले तर तेवढेच होतात, कारण अँपूलच्या १ मि.लि.मध्ये १,००० मायक्रोग्रॅम आहेत. आणि हे उत्तर दुसऱ्या एका प्रश्नाला अगदी बरोबर आहे. इंजेक्शन किंवा मधमाशीच्या डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, घसा सुजून श्वास अडला, अशा तीव्र अॅलर्जीत अॅड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत देतात, तेही किलोमागे ०.०१ मि.ग्रॅ.च, पण पातळ न करता. म्हणून प्रश्नात "शिरेतून" आहे की "स्नायूत" हे दोनदा वाचा. अर्ध्या मुली तेवढा एक शब्द घाईत ओलांडतात.

ड, म्हणजे १२० मि.लि., यात दोन चुका एकत्र आहेत. मिलिग्रॅमचा डोस जसाच्या तसा धरला आणि वर पातळ करणेही विसरले. याबद्दल जास्त लिहायला नको.

मग छपाईत असे होते कसे? पेपर काढणारा दरवेळी अडाणीच असतो असे नाही. मायक्रोसाठी ग्रीक भाषेतले म्यू हे अक्षर वापरतात, त्याच्यापुढे ग्रॅमचे जी. कॉम्प्युटरवर जुन्या पद्धतीने टाईप करताना हे म्यू सिम्बॉल नावाच्या फॉन्टमधून घेतात, आणि त्या फॉन्टमध्ये ते इंग्रजी एमच्या बटणावर बसवलेले आहे. पुढे कोणी सगळ्या मजकुराचा फॉन्ट बदलला की म्यूचे पुन्हा एम होते. कोणी काही खोडले नाही, कोणी काही लिहिले नाही, तरी मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झालेले असते. हाताने लिहिलेले म्यूही घाईत एमसारखेच दिसते. म्हणून औषधांच्या चुकांवर काम करणारी अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था म्यूचे चिन्ह वापरू नका, एमसीजी लिहा, असे सांगते.

मराठी पेपरात आणखी एक खड्डा आहे. भाषांतर करणारा "मि.ग्रॅ." आणि "मा.ग्रॅ." अशी छोटी रूपे वापरतो. वेलांटी आणि काना यांच्यातला फरक फिकट झेरॉक्सवर कोणाला दिसणार? काहीजण मायक्रोलाही "मि." लिहून मोकळे होतात. आमचे मत विचाराल तर मराठीत मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा. चार अक्षरे वाचवून काय मिळते?

दशांशचिन्हाबद्दलही एवढेच पाहा. एकापेक्षा कमी आकडा असेल तर टिंबाआधी शून्य लिहायचे, ".१" नव्हे, "०.१". टिंब फिकट उमटले तर ".१" चा १ होतो. आणि पूर्ण आकड्यामागे टिंब आणि शून्य लिहायचे नाही. "१.०" मधले टिंब उडाले की १० होतात. मराठी आकड्यांत शून्य आणि टिंब दोन्ही गोलच, त्यामुळे बॉलपेनने लिहिताना जास्तच जपावे लागते.

परीक्षेच्या हॉलमध्ये असा प्रश्न आला तर काय करावे? पेपर दोन भाषांत असेल तर आधी दुसऱ्या भाषेतला मजकूर वाचा. मराठीत मि.ग्रॅ. आणि इंग्रजीत एमसीजी असे सापडणे नवीन नाही. दोहोंत फरक पडला तर कोणता मजकूर ग्राह्य धरायचा याची सूचना पुष्कळदा पहिल्या पानावर असते, ती पाहून ठेवा. पर्यायी उत्तरांचा पेपर असेल तर छापल्याप्रमाणे एकदा सोडवा. उत्तर पर्यायांत नसेल आणि बरोबर हजार पटीने चुकत असेल, तर पुस्तकातला डोस धरून ब निवडा आणि पुढचा प्रश्न घ्या. तिथे दहा मिनिटे घालवू नका. लेखी पेपर असेल तर गणिताच्या आधी एक ओळ लिहा: "प्रश्नात १० मि.ग्रॅ. प्रति किलो छापले आहे. प्रमाणित डोस १० मायक्रोग्रॅम प्रति किलो असल्याने तो धरून सोडवले आहे." मग पायऱ्या दाखवा. तपासणारे सर असोत की मॅडम, त्यांना तुमचा विचार दिसतो.

भरतीच्या परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरतालिका लागते आणि हरकती मागवतात. त्यासाठी मुदत थोडी असते, कधी प्रत्येक प्रश्नामागे पैसेही भरावे लागतात, म्हणून चारजणींनी मिळून ठरवा. हरकत लिहिताना राग लिहू नका, गणित लिहा. छापील डोसाने उत्तर १,२०० मि.लि. येते, ते पर्यायांत नाही, पुस्तकाच्या अमुक पानावर डोस ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलो दिला आहे, आणि त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. एवढे पुरते. "प्रश्न चुकीचा आहे" एवढेच लिहिलेली हरकत टिकत नाही.

आता सर्वात महत्त्वाचे. हॉलमध्ये तुम्ही डोस मनाने दुरुस्त करून पुढे गेलात तर गुण मिळतील. वॉर्डात तसे करायचे नाही. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १० मि.ग्रॅ. प्रति किलो दिसले, तर "त्यांना मायक्रोच म्हणायचे असेल" असे गृहीत धरून औषध भरू नका. छापल्याप्रमाणे तर मुळीच भरू नका. चिठ्ठी हातात घेऊन त्यांच्याकडे जा, ते नसतील तर फोन करा, आणि आकडा आणि माप दोन्ही मोठ्याने म्हणा: "सर, बाळ बारा किलोचे आहे. चिठ्ठीवर दहा मिलिग्रॅम प्रति किलो आहे. एकशे वीस मायक्रोग्रॅम द्यायचे का?" त्यांनी हो म्हटले की चिठ्ठीवर दुरुस्ती करून सही घ्या. नव्या सिस्टरला हे जड जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. "एवढेही कळत नाही का" असे कोणी म्हणेल ही भीती असते, आणि वस्तीतून आलेल्या मुलीला ती दुप्पट असते. पण असे विचारणे हा सिस्टरच्या कामाचाच भाग आहे, उद्धटपणा नव्हे.

हृदय बंद पडलेल्या बाळाजवळ फोन करायला वेळ कुठे, असा प्रश्न येईल. तिथे डॉक्टर समोरच असतात आणि हुकूम तोंडी येतो. तो ऐकून तसाच मोठ्याने परत म्हणायचा, मापासकट, आणि त्यांचा होकार ऐकून मगच द्यायचे. बालविभागात वजनाप्रमाणे डोस आधीच काढून ठेवलेला तक्ता भिंतीवर किंवा ट्रॉलीवर लावलेला असतो, तो ड्यूटीच्या पहिल्या दिवशीच शोधून ठेवा. शक्य असेल तेव्हा दुसऱ्या सिस्टरकडून गणित तपासून घ्या, पण तिला आपले उत्तर सांगू नका. "बघ गं, एक पॉइंट दोनच ना?" असे विचारले की ती मान डोलावते. तिला नुसते वजन, डोस आणि अँपूल सांगा आणि तिचे उत्तर वेगळे येऊ द्या. पातळ केलेल्या सिरिंजवर लगेच चिकटपट्टी लावून लिहा: अॅड्रेनॅलिन, १ मि.लि.मध्ये १०० मायक्रोग्रॅम. १० मि.लि.च्या सिरिंजवर रेघा जाड आणि दूर असतात, म्हणून १.२ मि.लि. त्यातून २ मि.लि.च्या सिरिंजमध्ये घेऊन मोजले तर बरे पडते. मग त्या छोट्या सिरिंजवरही नाव आलेच पाहिजे.

आता घरातली बाटली. आपल्या कितीतरी घरांत आई, मावशी किंवा सून सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. त्या बाटलीवर २५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा असतो, आणि पुढे एमसीजी. ही गोळी मायक्रोग्रॅममध्येच मिळते. पण घरी कोणी चिठ्ठीवर "थायरॉइड ५० एमजी" असे उतरवून मुलाला मेडिकलवर पाठवते. दुकानदार जाणता असेल तर समजून घेतो. पण हीच चिठ्ठी दवाखान्यात भरती करताना पुढे गेली, की केसपेपरवर चुकीचे माप चढते आणि तिथून पुढच्या कागदावर. डोस बदलून आला असेल तर आणखी एक घोटाळा होतो. कुठे १०० एमसीजी लिहिलेले असते, कुठे ०.१ एमजी. दोन्ही एकच. ०.१ ला हजाराने गुणा, १०० येतात. आकडा लहान दिसला म्हणून दोन गोळ्या घेऊ नका, आणि मोठा दिसला म्हणून अर्धी मोडू नका.

दवाखान्यात जाताना चिठ्ठीपेक्षा बाटलीच सोबत न्या. लिहायचेच असेल तर नाव, आकडा आणि त्यापुढची अक्षरे बाटलीवर आहेत तशीच, एकेक अक्षर बघून उतरवा. घरात नर्सिंग शिकणारी मुलगी असेल तर हे काम तिला द्या, तिचा सरावही होईल.